शिरोरेषेवरच्या लाटा

सिंधुबाईला वाचता येत नव्हतं असं म्हटलं तर ते खरं नाही, आणि येत होतं असं म्हटलं तर तेही खरं नाही. तिला अक्षरं बोटांनी कळायची. 'क'ची दांडी कुठे शिरोरेषेला भिडते, 'ट'चं पोट कुठून वळतं, 'ळ' कसा गोलगोल फिरून स्वतःशीच येऊन थांबतो, हे ती डोळे मिटून सांगायची. शाळा तिची दुसरीतच सुटली होती. अक्षरं भेटली ती पन्नाशीत, नाशिकच्या पेठ रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, पॉलिश पेपरच्या तुकड्याखाली.

शेड संघर्ष आणि रोहिणी या भावंडांची. त्यांचे वडील भिंती रंगवायचे, दुकानांच्या पाट्या लिहायचे. हात थकला तेव्हा पोरांनी पाट्यांचाच धंदा पुढे नेला, फक्त ब्रशाच्या जागी यंत्र आणलं. रोहिणी मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. तिने थ्रीडी प्रिंटर घेतला, मग आणखी घेतले. हॉस्पिटल, मंगल कार्यालय, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतली हॉटेलं, सगळ्यांना भिंतीतून उठून आलेली अक्षरं हवी असतात. यंत्राच्या नाकातून वितळलेल्या प्लास्टिकचा केसासारखा धागा निघायचा, थरावर थर चढायचा आणि पाटावर अक्षर उभं राहायचं. पाठ खाली, तोंड वर, चांगलं वीतभर उंचीचं आणि चार बोटं जाड. नाक डावी-उजवीकडे धावायचं, आणि खालचा पाट पुढे-मागे. त्यावर संघर्ष अस्तराचा रंग मारायचा, मग सोनेरी झळाळीचा.

सुरुवातीला यंत्र सावकाश चालायचं. अक्षरं नितळ निघायची. मग कामं वाढली, रोहिणीने वेग वाढवला, आणि लाटा आल्या.

पाण्यात खडा टाकल्यावर कडेला जाता जाता विरत जाणारी वलयं असतात ना, तशा त्या लाटा. कोपऱ्यावर यंत्र झटक्याने वळलं की सगळा सांगाडा थरथरायचा, आणि ती थरथर धाग्यातून उतरून अक्षराच्या भिंतीवर गोठायची. कोपऱ्याला लागून ठळक, पुढे फिकी, मग काहीच नाही. थरांच्या बारीक रेघा अस्तराखाली झाकल्या जात. लाटा झाकल्या जात नसत. सोनेरी रंग चढला की उन्हात त्या आणखी उठून दिसायच्या. गिऱ्हाईक बोट ठेवून विचारायचं, "हे काय?"

म्हणून एक घासणारी बाई हवी होती. म्हणून सिंधुबाई आली.

ती दिंडोरी तालुक्यातली. उभं आयुष्य द्राक्षांच्या मांडवाखाली गेलेलं. घडांची विरळणी करायची, म्हणजे फुगणाऱ्या मण्यांना जागा व्हावी म्हणून मधले मणी काढायचे, तेही राहिलेल्या मण्यांवरची पांढुरकी झाक न पुसता. नवरा वाल्मीक ट्रॅक्टर उलटून गेला. लेक वेदिका नामपूरला दिलेली. आई एकटी पडली तेव्हा लेक म्हणाली, "आमच्याकडे चल." सिंधुबाई म्हणाली, "जावयाच्या घरात पाणी प्यायला पण विचारावं लागतं गं मला. तुझ्या सासूनं विचारू नको म्हटलं तरी माझं मन विचारतं." आणि ती नाशिकला आली, पंचवटीपलीकडे एक खोली घेतली, खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. त्या कुलपाची किल्ली ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात घालायची. जोवर शेडमध्ये काम होतं तोवर ती किल्ली तिची होती. एवढंच तिच्या जगण्याचं गणित, आणि ते सुटलेलं होतं.

खिडकीजवळ तिची जागा ठरलेली. सकाळी शेडची चावी तिच्याकडे, कारण ती सगळ्यांच्या आधी यायची. रात्रभर चालून थंड झालेल्या पाटावरून ती अक्षरं सोडवायची, खिडकीत मांडायची आणि घासायला बसायची. रोहिणी येईपर्यंत निम्मं काम उरकलेलं असायचं. लाट जिथे खोल असे तिथे पुट्टी भरायची, वाळली की कोरडीच घासायची. पांढरी धूळ उडायची. संध्याकाळी तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत.

"मावशी, आरशात बघा, म्हातारपण आलं," संघर्ष म्हणायचा.

"तुझ्या लग्नाची वाट बघून बघून आलंय. तू उरक, मी पुसते."

"पोरगी शोधा मग."

"शोधली आस्ती, पण तिला काय सांगू? नवरा दुसऱ्यांची नावं सोन्यात मढवतो, स्वतःच्या दारावर पाटी नाय."

रोहिणी हसायची. पण त्या हिवाळ्यात ती हसता हसता थांबायला लागली. मावशी खोकायची. पहिल्यांदा सकाळी, मग दिवसभर. मास्क दिला की ती तो हनुवटीखाली ओढायची. म्हणायची, श्वास कोंडतो, आणि बोटांना कळत नाही. बोटांचा आणि नाकाचा काय संबंध, असं रोहिणीने विचारलं तर म्हणाली, "तुला नाय कळायचं."

एके दिवशी रोहिणीने बोटाच्या पेराएवढी एक हिरवी चकती आणली. बारीक तारा लोंबणारी.

"हे काय तावीज?" सिंधुबाईने विचारलं.

"थरथर मोजणारं यंत्र. यंत्राच्या अंगाला लावायचं. मग यंत्राला मुद्दाम हलवायचं, आधी हळू, मग जलद, आणखी जलद. कुठल्या तरी एका चालीवर ते स्वतःहून जोरात थरथरतं. ती त्याची खोड. तिला रेझोनन्स म्हणतात."

"आणि खोड कळली म्हणजे?"

रोहिणी खुर्ची ओढून जवळ बसली. तिला समजावून सांगायला आवडायचं. "झोका घ्या. एक धक्का दिला की तो हलत राहतो. पण तो मागे येताना, नेमका मधे असताना, त्याच बाजूला पुन्हा तेवढाच धक्का दिला तर?"

"थांबतो की. पाळणा आम्ही तसाच थांबवतो. एकदम धरला तर पोरगं दचकतं."

"तेच. यंत्राला वळताना एकच झटका द्यायचा नाही. त्याच झटक्याचे तुकडे करायचे, आणि दुसरा तुकडा असा वेळ साधून द्यायचा, की पहिल्याने उठलेली थरथर त्याने खाऊन टाकावी. याला इनपुट शेपिंग म्हणतात. मग वेग तोच ठेवला तरी लाटा येत नाहीत."

सिंधुबाईने हातातलं अक्षर उचललं, फुंकर मारली आणि पुन्हा घासायला लागली. लाटा येत नाहीत, एवढंच तिला ऐकू आलं होतं.

त्या दिवशी शेडमध्ये यंत्र गुणगुणलं. आधी भुंग्यासारखं खोल आवाजात, मग चढत चढत डासासारखं. मध्येच एका ठिकाणी सगळं टेबल थडथडलं, आणि पुन्हा शांत झालं. रोहिणीने यंत्राच्या नाकावर चकती लावून एकदा मोजलं, पाटावर लावून एकदा. पडद्यावर डोंगराच्या सुळक्यासारखी रेघ उठली. तिने आकडे यंत्राला दिले, आणि तपासायला एक लहानसा मनोरा छापला. काडेपेटीएवढा. कोपरे धारदार, भिंती आरशासारख्या.

"बघा मावशी!"

सिंधुबाईने बोट फिरवलं. बोट कुठेच अडलं नाही. तोंडाने ती म्हणाली, "छान झालंय."

त्याच रात्री मोठा पाट लावला गेला. एका मंगल कार्यालयाचं लांबलचक नाव होतं, पाट अक्षरांनी गच्च भरलेला. सकाळी सिंधुबाईने शेड उघडली. अक्षरं सोडवली. हात फिरवला तो भीत भीतच.

दांड्या साफ होत्या. उभ्या भिंतींवर लाटेचा मागमूस नव्हता. शिरोरेषेची भिंत तळाशी साफ होती, अर्ध्यापर्यंत साफ होती. आणि वर, तोंडाकडच्या भागात, कोपरा ओलांडला की बोटाखाली आलं, थर, थर, थर. ओळखीचं. आणि पूर्वीपेक्षा जरा लांब लांब.

असं का, ते तिला ठाऊक नव्हतं. पण आहे, हे ठाऊक होतं. आणि रोहिणी यायला अजून वेळ होता.

तिने पेपर घेतला आणि आधी खालचा, साफ असलेला भाग घासून टाकला. मग दांड्या घासल्या. रोहिणी आली तेव्हा सगळी अक्षरं सारखीच पांढुरकी दिसत होती, लाटा कुठे होत्या आणि कुठे नव्हत्या ते सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

"कसं निघालं मावशी? कमी झालं?"

"नाय गं," सिंधुबाई म्हणाली. मान वर केली नाही. "होतं तसंच हाय."

रोहिणीच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. तिने शंका घेतली नाही. या शेडमध्ये मावशीच्या बोटांवर कुणी शंका घेत नसे.

पुढे रोज तेच झालं. रोहिणी पट्टे ताणायची, स्क्रू आवळायची, टेबलाखाली फरशी सरकवायची. रिकामा पाट पुन्हा मोजायची, आकडा तोच यायचा. लहान मनोरा पुन्हा छापायची, तो नितळच निघायचा. आणि सकाळी मावशी म्हणायची, तसंच हाय. रोहिणीला वाटायचं, चूक मोजण्यात असेल, नाहीतर आपल्यात. संघर्षचा धीर सुटत चालला.

"सोड ना गं. वेग कमी कर पूर्वीसारखा."

"मग कार्यालयवाल्यांचं काम वेळेत होईल का?"

"नाही होणार. मग आहे तसंच चालू दे. मावशी आहेत घासायला."

"मावशी आहेत म्हणूनच तर," रोहिणी म्हणाली आणि पुढचं बोलली नाही.

सिंधुबाईने ते ऐकलं. दुपारी भाकरी खाताना तिने विचारलं, "म्हणूनच तर काय?"

"काही नाही."

"ताई, माझ्यापासून लपवू नको. मी काय तुला ओझं झाले का?"

रोहिणीने डबा बंद केला. तिचे डोळे भरून आले होते. "पप्पांची छाती अशीच गेली. भिंती घासून घासून. शेवटी त्यांना गादीवर बसवून झोपवायचो आम्ही. तुम्ही खोकता ना, मला तोच आवाज येतो. वाटलं, लाटाच थांबवल्या तर तुमची धूळ थांबेल. ऑर्डरचं कारण नुसतं दादाला सांगायला. एवढं शिकून मला एवढंही जमत नाही."

सिंधुबाईच्या हातातला घास हातातच राहिला. इतके दिवस तिला वाटत होतं, की पोरगी तिच्या पोटावर चाल करून येते आहे, आणि आपण आपलं दार धरून उभ्या आहोत. पोरगी तर तिच्या छातीसाठी भांडत होती. आणि ज्या बोटांवर तिने विश्वास ठेवला त्याच बोटांनी तिला फसवलं होतं.

त्या रात्रीचा पाट तिने सकाळी सोडवलाच नाही. शेड उघडली, झाडलोट केली, आणि यंत्रासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. रोहिणी आली.

"बरं नाही का मावशी?"

"इकडं ये. हात दे." तिने रोहिणीचं बोट धरलं आणि शिरोरेषेच्या कडेवरून खालून वर नेलं. "इथं काय लागतं?"

"काहीच नाही."

"इथं?"

"नाही."

"आता इथं?"

रोहिणीचं बोट थांबलं. तिने ते पुन्हा फिरवलं. मग दांडीवर फिरवलं, मग पुन्हा शिरोरेषेवर. "फक्त वरच? फक्त आडव्या भिंतीवर?"

"पहिल्या दिवसापासून. मी खालचं पण घासून टाकत होते, तुला कळू नये म्हणून."

बाहेर पेठ रोडवरून ट्रक गेले. रोहिणीने तिच्याकडे पाहिलं, आणि का हे विचारलं नाही. तिला ते आत्ताच, तिथेच कळलं. आपण काय करायला निघालो होतो तेही कळलं.

"मावशी, मी हे इथेच सोडते," ती हळूच म्हणाली. "दादाला म्हणते, नाही जमलं."

"आणि त्या कार्यालयाचं?"

"बघू."

"नाय. आता सांगितलंय तर पुरं कर. नायतर मी सांगितलं कशाला? सांग मला, वरच का येतात?"

रोहिणी पाटाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "वजन. मी रिकामा पाट मोजत होते. आडव्या भिंतीवरची लाट पाटाच्या हलण्यातून येते. अक्षरं चढत जातात तसा पाट जड होतो, आणि जड झाला की त्याची थरथर संथ होते. मी दुसरा धक्का जुन्याच वेळेवर देत राहिले. नाकाचं वजन बदलत नाही, म्हणून दांड्या साफ."

सिंधुबाईने मान हलवली. "मांडवाची तार. नुसती असली की वाऱ्यानं टर्रटर्र हलते. घड लागले की जडावते, सावकाश झुलते. तीच तार."

"तीच तार," रोहिणी म्हणाली.

तिने ती अक्षरं पाटावर जागच्या जागी राहू दिली आणि चकती पुन्हा लावली. यंत्र गुणगुणलं. या वेळी टेबल थडथडलं ते आधीच, भुंग्याचा आवाज डासाचा व्हायच्या बऱ्याच अगोदर. रिकाम्या पाटाचा सुळका सेकंदाला एकेचाळीस थरथरींवर होता, भरल्याचा तेहतिसावर सरकला होता. रोहिणीने दोन्हींच्या मधला आकडा धरला, आणि झटक्याचे तुकडे करण्याची जरा सैल रीत निवडली, जी थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेते. त्या रीतीने कोपरे थोडे बोथटतात, म्हणून वळणावरची घाई किंचित कमी केली. पूर्वीच्या संथ चालीपेक्षा यंत्र तरीही कितीतरी जलद होतं.

दुसऱ्या दिवशी पाट दोघींनी मिळून सोडवला. सिंधुबाईने एकेक अक्षर हातात घेतलं. तळापासून तोंडापर्यंत. शिरोरेषा, दांडी, कोपरा. तिने पेपर उचलला नाही.

"कोपरा लय थोडा मऊ झालाय," ती म्हणाली. "पण ते कुणाला कळायचं नाय. लाट नाय कुठं."

संघर्षने थेट अस्तर मारलं, मग सोनेरी. उन्हात धरलं. अक्षर एकसंध चमकलं. "रोहिणी, तू जिंकलीस!" तो ओरडला, आणि मग त्याला खिडकीजवळ मोकळ्या हाताने बसलेली मावशी दिसली, तसा त्याचा आवाज खाली आला.

त्यांनी तिला जा म्हटलं नाही. हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे, कारण अशा गोष्टीत कुणीतरी दुष्ट असावं असं वाचणाऱ्याला वाटतं. संघर्ष म्हणाला, "मावशी, तुम्ही इथेच. पगार चालू राहील. चहा करा, पाट पुसा, नाहीतर नुसत्या बसा." रोहिणीने तिला रंगाचं काम शिकवायला घेतलं, पण रंगाच्या वासाने खोकला उसळला. मग अक्षरं पुठ्ठ्यात बांधायला दिली. ती सगळी बांधून झाली की दुपार समोर उभी राहायची, रिकामी. सिंधुबाई एकदा झाडलेली जागा पुन्हा झाडायची. चहा कुणी न मागता ठेवायची. एकदा तिने एक नितळ अक्षर घेतलं आणि नुसतंच घासायला सुरुवात केली. रोहिणीने ते पाहिलं आणि ती बाहेर निघून गेली.

महिना भरला तसा सिंधुबाईने शेडची चावी रोहिणीच्या टेबलावर ठेवली.

"मावशी, असं करू नका."

"ताई, मी द्राक्षाखाली राबले, इथं राबले. फुकटचं कधी खाल्लं नाय. तू देशील, मला गिळायचं नाय."

"तुम्ही मला सांगायलाच नको होतं," रोहिणी रडत म्हणाली.

"तसं म्हणू नको. मग मी रोज तुझ्याशी खोटं बोलले आस्ते, आणि रोज तू मला मावशी म्हणाली आस्तीस."

खोकला खरंच कमी झाला होता. रोहिणीला जे हवं होतं ते मिळालं होतं. घासायला लाट राहिली नव्हती, धूळ राहिली नव्हती, आणि मावशीही राहिली नाही.

शहरात तिने शोध घेतला नाही असं नाही. एकदोन ठिकाणी विचारलं. कुठे वय पाहिलं, कुठे खोकला ऐकला. खोलीचं कुलूप काढून तिने खोली मालकाच्या हवाली केली आणि सटाण्याकडची एसटी धरली.

नामपूरला वेदिकाने आईला कांदे साठवायच्या चाळीशेजारची खोली दिली, नवी चादर घातली, गरम पाणी दिलं. जावई भला माणूस, त्याने बाजारातून खोकल्याचं औषध आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसमोर बायका कांदा निवडत बसल्या होत्या. सडका बाजूला, जोडकांदा बाजूला, चांगला टोपलीत. सिंधुबाई खोलीच्या उंबऱ्यातून बघत होती. मग उठली, पदर खोचला आणि ढिगाशी जाऊन बसली. हातात कांदा घेतला, बोटांनी फिरवला, दाबून पाहिला.

शेजारच्या बाईने तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला.

"तुमी कसाले, माय?" ती अहिराणीत प्रेमाने हसून म्हणाली. "तुमी पाव्हन्या शेतस. तठे सावलीमा बठा."

सिंधुबाई उठली. सावली जवळच होती. ती तिथे जाऊन बसली.